मिठागर आणि मिटिगेट : चित्र नसलेले इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याची पद्धत

‘ब्रिज’ किंवा ‘अँकर’ हा शब्द शिकताना डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं. मांडवीवरचा पूल दिसतो, बेतीच्या धक्क्याला लागलेली फेरीबोट दिसते. ‘मिटिगेट’, ‘कँडिड’, ‘अँबिग्युअस’ हे शब्द वाचले की काहीच दिसत नाही. शब्दकोशातला अर्थ वाचला की तेवढ्यापुरता कळतो, आणि चार दिवसांनी तोच शब्द पुन्हा समोर आला की ‘हा कुठेतरी पाहिलाय’ एवढंच आठवतं. बारावीच्या परीक्षेची किंवा सरकारी नोकरीच्या लेखी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्यांत असे शब्द पानंच्या पानं भरून लिहिलेले असतात, आणि नेमके तेच सांडतात.

यात मुलांच्या आळसापेक्षा शब्दांच्या स्वभावाचा भाग मोठा आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पायव्हिओ यांनी १९७०च्या दशकात मांडलं की वस्तुवाचक शब्द मनात दोन वाटांनी साठतो, शब्द म्हणून आणि चित्र म्हणून. भाववाचक शब्दाला बहुतेकदा पहिलीच वाट असते. ती पुसली की शब्द गेला. मग दुसरी वाट आपणच बांधून दिली तर? कीवर्ड पद्धत हेच करते. स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकल रॉ यांनी ती १९७५ मध्ये प्रयोगांतून तपासली. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी १२० रशियन शब्द शिकवले. कीवर्ड वापरणाऱ्यांना अखेरच्या चाचणीत ७२ टक्के शब्दांचे अर्थ आले, नेहमीसारखं पाठ करणाऱ्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी हेच आकडे ४३ आणि २८ झाले. म्हणजे विसरणं दोघांनाही चुकलं नाही, पण अंतर राहिलं.

पद्धत सांगायला दोन वाक्यं पुरतात. नव्या शब्दाच्या आवाजाशी जुळणारा, आपल्या ओळखीचा एक शब्द शोधायचा, तो कीवर्ड. मग कीवर्डची वस्तू आणि नव्या शब्दाचा अर्थ एकाच चित्रात गुंतवायचे. भाववाचक शब्दांच्या बाबतीत खरी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे, कारण ज्याला मुळात चित्र नाही तो अर्थ चित्रात घालायचा कसा?

आधी आवाज

कीवर्ड मराठीतून किंवा कोकणीतून घ्या. गोव्यातल्या माणसाच्या डोक्यात या दोन्ही भाषा अष्टौप्रहर चालू असतात, तेव्हा शोधायला जागा दुप्पट. जुळणी शब्दाच्या सुरुवातीशी करा. परीक्षेत शब्द दिसतो तेव्हा नजर आधी सुरुवातीवर पडते. शेवटाशी जुळणारा कीवर्ड वेळेवर हजर होत नाही. स्वर थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतात, व्यंजनं मात्र जुळायला हवीत. ‘मेटिक्युलस’साठी ‘मेथी’, ‘कँडिड’साठी ‘कांदा’, ‘टेंटेटिव्ह’साठी जत्रेतला ‘टेंट’.

एक अट मात्र सोडायची नाही. कीवर्ड हा हातात धरता येईल, डोळ्यांनी पाहता येईल असा हवा. ‘लीनियंट’ला आवाजाने सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘लीन’. पण लीन होणं हीसुद्धा भावनाच. म्हणजे एका न दिसणाऱ्या शब्दासाठी आपण दुसरा न दिसणारा शब्द आणला. त्यापेक्षा ‘लोणी’ बरं. आवाज थोडा लांबला, पण ल जागच्या जागी आहे, न च्या जागी त्याच्याच जवळचा ण आहे आणि लोण्याचा गोळा लगेच दिसतो.

शोधायला एक मिनिट द्या. मिनिटभरात काही सापडलं नाही तर तो शब्द बाजूला ठेवा. पाच मिनिटं ओढूनताणून जुळवलेला कीवर्ड पुढे स्वतःच लक्षात ठेवावा लागतो.

क्वचित भाषा फुकटातही देते. ‘अ‍ॅडमंट’ला ‘आडमुठा’ आवाजानेही जुळतो आणि अर्थानेही. असं मिळालं की घ्यावं, फक्त एवढं ध्यानात ठेवून की आडमुठा म्हणणं ही शिवी झाली, आणि अ‍ॅडमंट माणूस चांगल्या गोष्टीवरही अडून बसलेला असू शकतो.

मग अर्थ : चिन्ह नको, प्रसंग हवा

भाववाचक अर्थाचं चित्र काढा म्हटलं की बहुतेक जण चिन्हाकडे धावतात. न्यायासाठी तराजू, शांततेसाठी कबुतर, प्रामाणिकपणासाठी हृदयावर ठेवलेला हात. चिन्हं लवकर सुचतात म्हणून ती फसवी. तराजू पाहून ‘न्याय’ आठवेल तसंच ‘समतोल’ आठवेल, ‘तुलना’ आठवेल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मिरची-कोकमंही आठवतील. चिन्ह एका अर्थाला बांधलेलं नसतं.

त्याऐवजी स्वतःला विचारा : हा शब्द एखाद्या माणसाच्या हातून घडतो तेव्हा नेमकं काय होतं? कोण, कुठे, काय करतो? भाववाचक नाम असो की विशेषण, त्याच्या आत बहुधा एक क्रियापद लपलेलं असतं. ते बाहेर काढलं की प्रसंग तयार होतो.

‘कँडिड’ म्हणजे आडपडदा न ठेवता खरं बोलणारा, ऐकणाऱ्याला रुचलं नाही तरी. कीवर्ड कांदा. प्रसंग असा : म्हापशाच्या बाजारात कांदेवाली बसली आहे. गिऱ्हाईक बाई एक मोठा, गुलाबी कांदा उचलते. कांदेवाली स्वतःच तो तिच्या हातातून घेते, सुरीने चिरते, आतला काळा पडलेला भाग दाखवते आणि म्हणते, “हो व्हरूं नाका, भितरल्यान कुसला.” यात कांदाही आहे आणि खरं सांगणंही आहे. मुख्य म्हणजे ते सांगणं कांद्यातूनच होतं आहे. कांदा काढला तर प्रसंगच उरत नाही.

ही शेवटची गोष्ट सर्वांत कामाची. चित्र विचित्र असलं की लक्षात राहतं असं सगळीकडे सांगतात. वोलेन, वेबर आणि लाउरी यांनी १९७२ मध्ये हे तपासलं होतं. पियानो आणि सिगार अशा शब्दांच्या जोड्यांची चित्रं त्यांनी चार तऱ्हांनी काढली : साधी किंवा विचित्र, आणि दोन वस्तू वेगवेगळ्या किंवा एकमेकींत गुंतलेल्या. फरक पडला तो गुंतण्याने. नुसत्या विचित्रपणाने नाही. तेव्हा कांदेवालीला पंख लावू नका आणि कांदा बसएवढा करू नका. कांद्याने काम करायला हवं, एवढं पाहा.

विचित्रपणा वाईट आहे असंही नाही. ‘लीनियंट’साठी मास्तरांच्या हातात लोण्याची छडी द्या. उशिरा आलेल्या मुलाच्या हातावर ती पडते आणि मऊ होऊन चिकटते. मुलगा हात चाटत जागेवर जातो. शिक्षा झाली, पण सौम्य झाली. इथे विचित्रपणा अर्थासाठी राबतो आहे, म्हणून चालतो. ‘मेटिक्युलस’ला त्याचीही गरज नाही. आजी ओसरीवर बसून मेथी निवडते आहे, एकेक पान उलटून पाहते, देठाचा कोवळा भाग ठेवते, जून भाग टाकते, कीड लागलेलं पान उजेडात धरते. बारीकसारीक गोष्टींकडे काटेकोर लक्ष देणं म्हणजे हेच.

एक शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत : मिटिगेट

आता एकच शब्द सावकाश घेऊ, कारण चुका कुठे होतात ते त्यातच दिसेल. ‘मिटिगेट’ : एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता किंवा नुकसान कमी करणे.

आवाजाला ‘मिठागर’ इतका चपखल बसतो की दुसरं काही शोधायला नको. म, ठ, ग ओळीने आले. शिवाय आगरवाड्याची किंवा रायबंदरची मिठागरं रस्त्यावरून जाता-येता दिसतात, तेव्हा चित्र आयतं तयार आहे : बांध, पाण्याचे चौकोनी वाफे, कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी.

पहिल्यांदा सहज सुचणारा प्रसंग असा असतो. खाडीला भरती येते, पाणी मिठागराकडे धावतं, माणूस फळ्यांचा दरवाजा खाली सोडतो आणि पाणी अडतं. चित्र सुरेख आहे. ‘गेट’ही त्यात आपोआप आलं. एक विद्यार्थिनी हेच चित्र घेऊन आली होती. मी तिला विचारलं, “शब्दकोश विसर. नुसत्या चित्रावरून सांग, मिटिगेट म्हणजे काय?” ती म्हणाली, “सर, थांबवणे.” चित्र तिने चोख आठवलं आणि अर्थ चुकला. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ‘थांबवणे’ आणि ‘तीव्रता कमी करणे’ हे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारीच दिलेले असतात.

म्हणून प्रत्येक चित्र तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायची. फक्त चित्राकडे पाहून अर्थ सांगा, आणि मग विचारा : हेच चित्र दुसऱ्या कोणत्या जवळच्या अर्थालाही चालेल? चालत असेल तर चित्रातली एखादी गोष्ट बदला, अशी की चुकीचा अर्थ त्यात बसूच नये.

मिटिगेटच्या अर्थात दोन अटी आहेत. गोष्ट वाईट हवी. आणि ती संपत नाही, कमी होते. दोन्ही चित्रात दिसल्या पाहिजेत. मिठागर खरं कसं चालतं ते आठवलं तर वाट सापडते. खाडीचं पाणी थेट शेवटच्या वाफ्यात जात नाही. ते आधी मोठ्या वाफ्यांत घेतात, तिथून पुढच्या, मग लहान वाफ्यांत सोडतात, जिथे मीठ धरतं. प्रत्येक बांधाशी त्याचा जोर ओसरतो.

तेव्हा दुरुस्त केलेला प्रसंग असा. पुनवेची मोठी भरती. बाहेरचा बांध फुटला आहे आणि पाणी लोंढ्याने आत घुसलं आहे. शेवटच्या वाफ्याजवळ महिनाभराच्या कष्टाची मिठाची रास उभी आहे, आणि तिच्यापाशी माणूस श्वास रोखून उभा आहे. लोंढा पहिल्या वाफ्यात उसळतो, पुढच्या बांधावर आपटून अर्धा होतो, त्यापुढच्यात आणखी उतरतो, आणि राशीपाशी पोहोचतो तेव्हा घोट्याएवढा उरलेला असतो. राशीचा पायथा विरघळतो. वरची रास वाचते.

आता चित्राला प्रश्न विचारा. नुकसान झालं का? हो. म्हणजे ‘थांबवणे’ बाद. होणार होतं तेवढं झालं का? नाही. कशामुळे? मिठागराच्या वाफ्यांमुळे. कीवर्डच अर्थ घडवतो आहे. आणि पाणी इथे संकट असल्यामुळे आणखी एक चूक टळते. किंमत कमी करणे किंवा वजन कमी करणे याला मिटिगेट म्हणत नाहीत; आकारमान किंवा प्रमाण उतरलं की ‘रिड्यूस’. मिटिगेट होतो तो धोका, परिणाम, नुकसान.

विद्यार्थिनीने पाण्याची उंची बदलली तेवढंच. चित्र नव्याने बनवावं लागलं नाही. बहुतेक वेळा असंच असतं : चुकलेल्या चित्रात एखादाच तपशील हलवायचा असतो, आणि तो हलवताना अर्थ जितका पक्का होतो तितका दहा वेळा लिहूनही होत नाही.

चित्र डोळे मिटून दहा-पंधरा सेकंद पाहा. पाण्याचा आवाज, मिठाचा वास, पायाला लागणारा चिखल यांतलं एखादं घाला. त्याच वेळी इंग्रजी शब्द तोंडाने पूर्ण उच्चारा, आणि शेवटी एक वाक्य लिहा ज्यात शब्द त्याच्या नेहमीच्या सोबत्यांबरोबर येतो : ‘ट्रीज कॅन मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ हीट.’ हे वाक्य वगळू नका. चित्र अर्थ देतं, पण शब्द कोणाबरोबर उठतो-बसतो ते देत नाही.

एकच आंबा किती जणांना पुरणार

वीसेक शब्द झाले की वेगळीच अडचण सुरू होते. ‘अँबिग्युअस’साठी आंबा घेतला : एकच मानकुराद, एका बाजूने पिवळाजर्द, दुसऱ्या बाजूने हिरवागार. दोन गिऱ्हाइकं दोन बाजूंना उभी. एक म्हणतं पिकला, दुसरं म्हणतं कच्चा, आणि दोघांचंही बरोबर. दोन अर्थ निघणारा, म्हणून अँबिग्युअस. छान जमलं. पुढच्या आठवड्यात ‘अँबिव्हॅलंट’ आला, मग ‘अँबिशन’, मग ‘अँबियन्स’. प्रत्येकाला आंबाच दिला तर आंबा दिसला की चारही चित्रं एकदम धावून येतात आणि कोणाचं कोणतं ते कळत नाही.

आंबा पहिल्यालाच राहू द्या. दुसऱ्याचा कीवर्ड शब्द जिथे वेगळा होतो तिथून घ्या. सुरुवातीशी जुळवा हा वरचा नियम इथेच मोडायचा. ‘अँबिव्हॅलंट’मध्ये वेगळा भाग ‘व्हॅल’, त्याला ‘वेल’. परसातल्या दोडक्याच्या वेलीचं टोक दोन काठ्यांच्या मधोमध आलं आहे. एक तंतू या काठीला धरतो, दुसरा त्या काठीला, आणि वेल ना इकडे जाते ना तिकडे. एकाच गोष्टीबद्दल मनात दोन विरुद्ध ओढी असणं. अँबिग्युअस विधान असतं, अँबिव्हॅलंट माणसाचं मन असतं; आंबा बाहेरून पाहणारे दोघं आहेत, वेल स्वतःच ओढली जाते आहे. हा फरक चित्रांतच ठेवला की वेगळा पाठ करावा लागत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर वापरलेल्या कीवर्डची यादी ठेवा, म्हणजे आंबा आधीच गेला आहे हे वेळेवर कळेल.

उलट दिशा

वर जे जमलं ते इंग्रजीकडून मराठीकडे. वाचताना हे पुरतं. निबंध लिहिताना किंवा मुलाखतीत बोलताना उलटं जावं लागतं : ‘तीव्रता कमी करणे’ मनात आहे, शब्द हवा आहे. इथे कीवर्ड लंगडा पडतो, कारण चित्र तुम्हाला ‘मिठागर’पर्यंत आणून सोडतं आणि मिठागरवरून ‘मिटिगेट’ हे पूर्ण रूप, तेही बरोबर स्पेलिंगसह, निघेलच असं नाही. मुलं ‘मिटिगर’ म्हणतात, लिहितातही.

त्यावर उपाय साधा, पण कंटाळवाणा आहे. कार्डाच्या एका बाजूला मराठी अर्थ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहा. मराठी बाजू पाहून आधी चित्र, मग कीवर्ड, मग पूर्ण शब्द मोठ्याने, मग स्पेलिंग कागदावर. कीवर्ड आणि खरा शब्द जिथे फुटतात ते अक्षर स्पेलिंगमध्ये लाल शाईने लिहा. ज्यांना हे शब्द फक्त उताऱ्यात ओळखायचे आहेत त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

चित्र कधी पुसतं

या पद्धतीचा एक दोष तिचे चाहते सांगत नाहीत. पहिल्या दिवशी चित्रं इतकी लख्ख दिसतात की उजळणीची गरजच वाटत नाही. अल्विन वँग आणि मार्गारेट थॉमस यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की लगेच चाचणी घेतली तर कीवर्डवाले पुढे असतात. पण मध्ये एकदाही न विचारता थेट काही दिवसांनी विचारलं, तर त्यांचं विसरणं अधिक वेगाने झालेलं असतं आणि आघाडी उरत नाही. मधली कडी, म्हणजे शब्दावरून कीवर्ड आठवणं, तुटते आणि चित्र निराधार होतं.

तेव्हा पहिली उजळणी त्याच संध्याकाळी करा, कार्ड झाकून. दुसरी दुसऱ्या दिवशी, तिसरी तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. झाकून आठवणं हीच उजळणी. कार्ड नुसतं वाचून काढलं तर ती धरू नका. कुठे अडलं ते नीट पाहा, कारण दुरुस्ती त्यावर ठरते. शब्द पाहून कीवर्डच आठवला नाही तर आवाजाची जुळणी कच्ची आहे, कीवर्ड बदला. कीवर्ड आठवला, पण चित्र आलं नाही तर दोन वस्तू एकमेकींत गुंतलेल्या नाहीत. चित्र आलं आणि अर्थ शेजारचा निघाला तर पाण्याची उंची तपासा.

एका बैठकीला आठ-दहा शब्दांवर जाऊ नका. पंधराव्या शब्दापर्यंत चित्रं एकसारखी होऊ लागतात. सगळीकडे तोच बाजार आणि तीच आजी.

महिना-दोन महिन्यांनी शब्द वाचताना मिठागर दिसेनासं होईल आणि अर्थ थेट येईल. चित्र परत आणण्याचा प्रयत्न करू नका. त्याचं काम झालेलं असतं.

जिथे ही पद्धत लावू नये

‘व्हेअरअ‍ॅज’, ‘अल्बीट’, ‘नेव्हरदलेस’ असे जोडणारे शब्द चित्रात बसत नाहीत. त्यांचा अर्थ दोन वाक्यांच्या मधल्या नात्यात असतो, म्हणून तीन-चार वाक्यं लिहूनच ते येतात. ज्यांचे तुकडे ओळखीचे आहेत तिथेही कीवर्ड कशाला? ‘मिसइंटरप्रिट’मधला ‘मिस’ आणि ‘इंटरप्रिट’ माहीत असेल तर शब्द फोडून घ्या, ते जलद आहे. आणि ज्या शब्दाला पाच-सहा अर्थ आहेत, उदाहरणार्थ ‘इश्यू’, त्याला एका चित्रात डांबलं तर बाकीच्या अर्थांच्या वेळी ते चित्र आडवं येतं.

उरतात ते मधले : एकच ठळक अर्थ असलेले, फोडता न येणारे, मराठीत समजले तरी इंग्रजीत निसटणारे. कुठल्याही शब्दयादीतून आधी हेच निवडून काढा आणि पद्धत तेवढ्यांनाच लावा. बाकीच्यांसाठी वर्तमानपत्राचा रोजचा अग्रलेख पुरे.